‘आम्ही’ आणि ‘आपण’ : पेरूतील एक प्रार्थना आणि श्रोत्याचे स्थान

१/
लग्न होऊन चार दिवस झालेले असतात. नवी सून स्वयंपाकघरात काहीतरी करू लागते आणि सासूबाई म्हणतात, “आमच्याकडे असं करत नाहीत.” दुसऱ्या एखाद्या घरातल्या सासूबाई म्हणतात, “आपल्याकडे असं करत नाहीत.” नियम एकच आणि मनाईही एकच. तरीही दोन्ही वाक्ये ऐकणाऱ्या सुनेला ती सारखी वाटत नाहीत. पहिल्या वाक्यात ती उंबरठ्याबाहेर उभी आहे, दुसऱ्यात आत.

२/
हा भेद भाषाशास्त्राच्या परिभाषेत समावेशक आणि व्यावर्तक ‘आम्ही’चा भेद होय. ‘आपण’ म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याला आपल्यात धरतो, ‘आम्ही’ म्हणताना त्याला वगळतो. मराठी माणूस दिवसातून शेकडो वेळा ही निवड करतो आणि ती केल्याचे त्याला जाणवतही नाही. जाणवण्यासाठी बहुधा अशी भाषा बोलणारा माणूस भेटावा लागतो, जिच्यात हा भेदच नाही. या थ्रेडमध्ये अशीच एक भेट पाहायची आहे : सोळाव्या शतकातील पेरू, स्पॅनिश धर्मोपदेशक आणि केचुआ भाषा.

३/
आधी आपल्या घरचे थोडे. संस्कृतमध्ये हा भेद नाही. ‘वयम्’मध्ये ऐकणारा आहे की नाही, हे संदर्भावरून ठरवावे लागते. द्विवचनी ‘आवाम्’ दोघांचे असते, पण त्यातला दुसरा समोरचाच असेल असे नाही. मराठीतील ‘आम्ही’ याच ‘अस्मद्’च्या वंशातला, प्राकृत ‘अम्हे’मार्गे आलेला. ‘आपण’चे कूळ निराळे आहे. तो ‘आत्मन्’पासून, प्राकृत ‘अप्पण’मार्गे आला. मूळ अर्थ ‘स्वतः’. म्हणजे ‘आपण’ हा ‘मी’चा किंवा ‘आम्ही’चा नातलग नव्हेच. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडेल.

४/
गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा हाच भेद आहे. प्रमाण हिंदीत मात्र एकटा ‘हम’ आहे. दक्षिणेकडे तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’, तमिळमध्ये ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’ अशा जोड्या आहेत. मराठीने हा भेद द्राविडी भाषांच्या सहवासातून उचलला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. आश्चर्य असे की आजच्या कन्नडमध्ये एकच ‘नावु’ उरला आहे. म्हणून ‘हा भेद असलेला समाज गटाबद्दल अधिक जागरूक असतो’ असा सोपा निष्कर्ष काढता येत नाही. तेलुगू माणसाला आपला-परका कळतो आणि कन्नड माणसाला कळत नाही, असे कोण म्हणेल?

५/
जगातील २०० भाषांच्या एका प्रसिद्ध तौलनिक नमुन्यात ६३ भाषांच्या सर्वनामांत हा भेद स्पष्ट आढळतो. युरोपातील बहुतेक मोठ्या भाषांत तो नाही. लॅटिनमध्ये नाही, स्पॅनिशमध्येही नाही. त्यामुळे लॅटिन व्याकरणाच्या साच्यात वाढलेल्या युरोपीय विद्वानाने ही गोष्ट प्रथम पाहिली, तेव्हा ती ठेवायला त्याच्या साच्यात खणच नव्हता.

६/
तो विद्वान म्हणजे दोमिंगो दे सांतो तोमास. डोमिनिकन पंथाचा हा साधू १५४० मध्ये पेरूत आला. इंका साम्राज्य कोसळून तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. पुढील दीड-दोन दशके तो स्थानिक लोकांत राहिला, त्यांची भाषा शिकला आणि १५६० मध्ये स्पेनमधील व्हायादोलिद येथे त्याने केचुआचे व्याकरण आणि शब्दकोश छापले. ती या भाषेवरची पहिली छापील पुस्तके. समावेशक आणि व्यावर्तक भेदाचे युरोपीय लेखकाने छापलेले पहिले वर्णनही याच व्याकरणात मिळते.

७/
दोमिंगोचा हेतू केवळ व्याकरण सांगण्याचा नव्हता. तो लास कासासचा सहकारी होता आणि जमीनदार स्पॅनिश वसाहतवाल्यांना स्थानिक लोकांवर कायमचा हक्क देण्याच्या योजनेचा विरोधक. व्याकरण त्याने राजा दुसरा फिलिप यास अर्पण केले. युक्तिवाद असा : ज्यांची भाषा लॅटिनसारखी नियमबद्ध आणि समृद्ध आहे, त्यांना रानटी कसे म्हणावे? लॅटिनच्या साच्यात केचुआ बसवून दाखवणे हे त्याच्या दृष्टीने त्या लोकांची वकिली करणे होते.

८/
परंतु एका ठिकाणी साचा अपुरा पडला. लॅटिन व्याकरणात तीन पुरुष आणि दोन वचने, म्हणजे सहा खण. केचुआला सात लागत होते. ‘मी’ म्हणजे ‘ञोका’. त्याची अनेकवचने दोन : ‘ञोकान्चिक’ म्हणजे समोरच्याला धरून ‘आपण’ आणि ‘ञोकायकू’ म्हणजे समोरच्याला वगळून ‘आम्ही’. दोमिंगोने हा सातवा खण लपवला नाही. प्रथम पुरुषी अनेकवचनाची रूपे दोन आहेत, एकात ज्याच्याशी बोलतो तो येतो आणि दुसऱ्यात येत नाही, असे त्याने समजावून दिले.

९/
शिवाय केचुआत हा भेद सर्वनामापुरता नाही. तो नामाला आणि क्रियापदाला प्रत्यय होऊन चिकटतो. ‘वासी’ म्हणजे घर. ‘वासीन्चिक’ म्हणजे आपले घर, ‘वासीयकू’ म्हणजे आमचे घर. सर्वनाम न उच्चारताही निवड टळत नाही. ‘आमचे-आपले’ म्हणताना जिथे मराठीत अडतो, तिथे केचुआत ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ यांतील क्रियापदेही वेगळी होतात. नव्याने भाषा शिकणाऱ्या पाद्र्याला ‘आमचा’ हा शब्द कोणत्याही वाक्यात आला, की थांबून विचार करणे भाग होते : मी कोणाशी बोलतो आहे?

१०/
आता खरी अडचण पाहू. ख्रिस्ती धर्मातील सर्वांत मूलभूत प्रार्थना ‘आमच्या पित्या’ या संबोधनाने सुरू होते. लॅटिनमध्ये तिथे ‘नोस्तेर’, स्पॅनिशमध्ये ‘नुएस्त्रो’. स्पॅनिशमध्ये ‘येशू आमचा प्रभू’ म्हणतानाही तोच ‘नुएस्त्रो’ येतो. पंधराशे वर्षे या दोन ‘आमचा’मध्ये काही फरक आहे, असे पश्चिम युरोपातील प्रार्थना करणाऱ्याला भाषेने कधी विचारलेच नव्हते. केचुआने पहिल्याच शब्दाला विचारले.

११/
‘याया’ म्हणजे पिता. पर्याय दोन : ‘यायान्चिक’ की ‘यायायकू’? नवख्याला वाटेल, ‘आपला’ हा प्रेमाचा शब्द आहे. देव सर्वांचा पिता, सर्वांना जवळ घेणारा, मग ‘यायान्चिक’च योग्य. पण ही प्रार्थना कोणाला उद्देशून आहे? पित्यालाच. ‘यायान्चिक’ म्हटले तर ‘तुझा आणि माझा पिता’ असा अर्थ होतो. ज्याला पिता म्हणून हाक मारायची, त्यालाच आणखी एक पिता बहाल केला जातो. एकेश्वराच्या धर्मात ही किरकोळ चूक नव्हे.

१२/
पुढे तर संकट अधिक गडद होते. त्याच प्रार्थनेत पापांची क्षमा मागितली आहे. केचुआत पापासाठी मिशनऱ्यांनी ‘हुचा’ हा शब्द योजला. ‘हुचायकू’ म्हणजे आमची पापे. ‘हुचान्चिक’ म्हणजे आपली, अर्थात माझी आणि तुझी, पापे. देवासमोर गुडघे टेकून ‘आपल्या पापांची क्षमा कर’ म्हणणारा भाविक देवालाही पाप्यांच्या रांगेत बसवतो. एका प्रत्ययाचा फरक आणि भक्तीचे वाक्य धर्मनिंदेचे होते.

१३/
मराठी वाचकाला हे पटवून घेण्यासाठी पेरूला जाण्याची गरज नाही. कोणत्याही देवळात कान देऊन ऐकावे. ‘देवा, आम्हांला सांभाळ’ असेच कोणीही म्हणेल. ‘देवा, आपल्याला सांभाळ’ असे कोणी म्हणत नाही. म्हटलेच तर ऐकणारा क्षणभर गोंधळेल : हा देवालाही संकटात धरतो आहे की काय? मराठी बायबलमध्येही या प्रार्थनेत ‘आमच्या’ आहे, ‘आपल्या’ नाही. तमिळ बायबलमध्येही तिथे व्यावर्तक ‘एंगळ्’ येते. ख्रिस्ती प्रार्थनेचे भाषांतर जिथे अशा भाषेत झाले, तिथे हा प्रश्न दारात उभा होताच.

१४/
पेरूमध्ये याचे उत्तर संस्थेने दिले. १५८२-८३ मध्ये लिमा येथे तिसरी धर्मपरिषद भरली. तिने ठरवले की स्थानिक लोकांना धर्म शिकवण्यासाठी एकच प्रमाण पुस्तक असावे, स्पॅनिश, केचुआ आणि आयमारा या तीन भाषांत, आणि त्याखेरीज अन्य भाषांतर वापरू नये. हे पुस्तक १५८४ मध्ये लिमात आंतोनियो रिकार्दो याने छापले. दक्षिण अमेरिकेत छापले गेलेले ते पहिले पुस्तक. स्पॅनिश मजकुरामागे मुख्य हात जेझुइट होसे दे आकोस्ता याचा होता. भाषांतर करणाऱ्यांत मिश्र वंशाचे, म्हणजे स्पॅनिश पिता आणि स्थानिक माता असलेले, जाणकारही होते.

१५/
या पुस्तकातील प्रार्थना ‘यायायकू’ने सुरू होते. पापेही व्यावर्तक, क्षमेची याचनाही व्यावर्तक. आयमारा भाषेतही व्यावर्तक रूपच. आता तेच पुस्तक थोडे उलटून श्रद्धेच्या कबुलीजबाबाकडे, म्हणजे ‘माझा देवावर विश्वास आहे’ या घोषणेकडे या. तिथे येशू ‘अपुन्चिक’ आहे. ‘अपु’ म्हणजे स्वामी, ‘न्चिक’ म्हणजे समावेशक ‘आपला’. (मराठी ‘आपण’शी या शब्दाचे साम्य निव्वळ योगायोगाचे.) स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे ‘नुएस्त्रो’, केचुआत मात्र पिता ‘आमचा’ आणि प्रभू ‘आपला’.

१६/
हा गोंधळ नव्हे, काटेकोरपणा आहे. प्रार्थनेत ऐकणारा देव आहे, म्हणून तो ‘आम्ही’च्या बाहेर. कबुलीजबाब देवाला उद्देशून नाही. तो भाविकाने इतर माणसांसमोर उच्चारायचा आहे आणि येशू त्या ऐकणाऱ्यांचाही स्वामी आहे, म्हणून समावेशक. देव तोच, भक्त तेच. बदलला तो ऐकणारा. ‘आम्ही’ वापरल्याने देव दूर गेला नाही आणि ‘आपला’ वापरल्याने प्रभू अधिक प्रिय झाला नाही. या सर्वनामात ऊब किंवा दुरावा मुळात नसतो. ते एवढेच नोंदवते की समोरचा मोजला गेला आहे की नाही.

१७/
मोजले जाणे सुखाचे की धोक्याचे, हे त्यानंतर कळते. १५८५ मध्ये त्याच परिषदेच्या कार्यक्रमातून ३१ प्रवचनांचा संग्रह छापला गेला, तोही तीन भाषांत. स्पॅनिश पाद्री केचुआ श्रोत्यांसमोर उभा राहून ‘आपला स्वामी’ म्हणतो, तेव्हा व्याकरण दोघांना एका स्वामीच्या छत्राखाली आणते. वाक्य उदार आहे. पण ‘आपला स्वामी’ या शब्दांत एक दावाही आहे : तो माझा आहे, तसा तुझाही आहे, तुला तो मान्य असो वा नसो. वगळणारे ‘आम्ही’ निदान समोरच्याला मोकळे सोडते. समावेशक ‘आपण’ त्याला बांधून घेते.

१८/
याची दुसरी बाजू संस्थेच्या दप्तरात दिसते. १५६७-६८ मधील लिमाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने स्थानिक लोकांना पुरोहितपदाची दीक्षा देऊ नये, असे ठरवले होते. म्हणजे व्यासपीठावरून ‘आपला प्रभू’ हे समावेशक रूप ऐकू यायचे, पण त्या व्यासपीठावर चढण्याचा हक्क ऐकणाऱ्याला नव्हता. व्याकरणातील ‘आपण’ आणि व्यवहारातील ‘आपण’ यांच्या सीमा वेगळ्या होत्या. स्पॅनिश कागदपत्रांत ही फट दिसत नाही, कारण ‘नुएस्त्रो’ दोन्ही अर्थ झाकून ठेवतो. केचुआ मजकुरात ती उघडी पडते.

१९/
सुरुवातीच्या सासूबाईंकडे परत जाऊ. ‘आमच्याकडे असं करत नाहीत’ हे तुटक आहे खरे, पण त्यात सुनेला एक सवलत आहे : तुझ्याकडे वेगळे असेल, हे त्यात गृहीत आहे. ‘आपल्याकडे असं करत नाहीत’ हे आपुलकीचे आहे, पण त्या क्षणापासून सुनेचे माहेरचे ‘आमच्याकडे’ पुसले गेले आहे. तिला घरात घेतले, म्हणून आता नियमही तिचाच. पेरूतील श्रोत्याची स्थिती फार वेगळी नव्हती. फरक एवढाच की त्याला त्या घरात यायचे आहे का, हे कोणी विचारले नव्हते.

२०/
येथे वाचताना होणारी एक चूक टाळावी. छापील केचुआ मजकुरातील प्रत्येक ‘न्चिक’ हा एखाद्या पाद्र्याच्या मनातील भावनेचा पुरावा नव्हे. मजकूर समितीने ठरवलेला, भाषांतरकारांनी घडवलेला आणि सक्तीने एकसारखा केलेला होता. त्यातून व्यक्तीचे मन कळत नाही. संस्थेने अधिकृतपणे कोणाला कुठे मोजायचे ठरवले, ते कळते. साधन म्हणून तीन प्रश्न पुरतात : बोलतो कोण, ऐकतो कोण, आणि ऐकणारा या ‘आम्ही’त आहे का? मग चौथा, इतिहासाचा प्रश्न : व्याकरणाने आत घेतलेल्याला व्यवहाराने आत घेतले का?

२१/
आता तिसऱ्या मुद्द्यात सोडलेला धागा उचलू. ‘आपण’ हा ‘मी’चा नातलग नाही, असे म्हटले होते. पेरूतील दुसरी भाषा, आयमारा, हेच अधिक स्वच्छ दाखवते. तिथे ‘नाया’ म्हणजे मी. व्यावर्तक ‘आम्ही’ म्हणजे ‘नानाका’, ‘नाया’लाच अनेकवचनाचा प्रत्यय लावून झालेला. समावेशक ‘आपण’ मात्र ‘जिवासा’, पूर्ण स्वतंत्र शब्द. म्हणून आयमाराचे अभ्यासक तिथे तीन नव्हे, चार पुरुष मोजतात : मी, तू, तो आणि ‘मी-तू’.

२२/
याचा अर्थ विचार करण्याजोगा आहे. ‘आम्ही’ म्हणजे वाढवलेला मी : माझे कुटुंब, माझे गाव, माझी बाजू. ‘आपण’ म्हणजे मोठा केलेला मी नव्हे. बोलणारा आणि ऐकणारा या दोन टोकांना जोडून झालेली ती तिसरीच वस्तू आहे. मराठीने ती ‘आत्मन्’पासून घडवली, आयमाराने ‘जिवासा’ म्हणून ठेवली. दोन भाषांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, तरी दोघींनी ‘आपण’साठी ‘मी’च्या घराण्याबाहेरचा शब्द घेतला.

२३/
तिसरे उदाहरण तर डोळ्यांसमोर घडलेले आहे. एकोणिसाव्या शतकात पॅसिफिकमधील बेटांवरून मजूर ऑस्ट्रेलियातील उसाच्या मळ्यांवर नेले गेले. त्यांच्यात मोडक्या इंग्रजीतून नवी भाषा तयार झाली. वानुआतूमध्ये तिला बिस्लामा म्हणतात. इंग्रजीत समावेशक-व्यावर्तक भेद नाही, पण या मजुरांच्या मातृभाषांत होता आणि त्यांना त्यावाचून चालेना. त्यांनी इंग्रजीचे ‘यू’ आणि ‘मी’ हे शब्द जोडून ‘युमि’ केला : तू अधिक मी, म्हणजे आपण. वगळणाऱ्या ‘आम्ही’साठी ‘मिफला’, म्हणजे ‘मी आणि माझी मंडळी’. ‘आपण’ कसा बनतो, हे इथे टाके न लपवता दिसते.

२४/
वानुआतू ३० जुलै १९८० रोजी स्वतंत्र झाला. त्याआधी त्याच्यावर ब्रिटन आणि फ्रान्स यांची संयुक्त सत्ता होती आणि देशात शंभराहून अधिक भाषा होत्या. नव्या राष्ट्राच्या राष्ट्रगीताचे नावच ‘युमि, युमि, युमि’ असे आहे. वेगवेगळ्या बेटांवरचे लोक एकत्र उभे राहून एकमेकांना उद्देशून जे गातात, त्यात समावेशक रूपच शोभते. तिथे ‘मिफला’ म्हटले असते, तर शेजारी उभा असलेला माणूसच राष्ट्राबाहेर गेला असता.

२५/
मग भारतीय संविधानाच्या मराठी उद्देशिकेकडे पाहा. तिचा पहिला शब्द ‘आम्ही’ आहे, ‘आपण’ नाही. कधीतरी कोणी तक्रार करतो की सर्वसमावेशक दस्तऐवजाची सुरुवात वगळणाऱ्या सर्वनामाने कशी? पेरूतील प्रार्थना आठवली, तर उत्तर सापडते. इथे बोलणारे साऱ्या भारताचे लोक आहेत. प्रत्येक नागरिक बोलणाऱ्यांत आहे, म्हणून तो वगळला जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जो बाहेर आहे, तो ऐकणारा, म्हणजे ज्याच्यासमोर ही घोषणा होते तो : जग, किंवा येणारा काळ. घोषणा साक्षीदारासमोर करतात आणि साक्षीदार करारातला पक्ष नसतो.

२६/
‘आपण’ने सुरुवात केली असती, तर दोन अडचणी आल्या असत्या. एक तर ते संकल्पाऐवजी सूचनेसारखे वाटले असते, सभेत कोणी उठून ‘आपण असे करू या’ म्हणावे तसे. दुसरे, मराठीत ‘आपण’ हे आदरार्थी ‘तुम्ही’ही आहे. वाचणाऱ्याला क्षणभर वाटले असते की भारताच्या लोकांना कोणी बाहेरून संबोधतो आहे. ‘आम्ही’ म्हटल्याने बोलणारे कोण, याविषयी शंका उरत नाही.

२७/
एका देशाने राष्ट्राचा उच्चार ‘आपण’ असा केला, दुसऱ्याने ‘आम्ही’ असा. दोघेही बरोबर आहेत, कारण एक गीत नागरिक नागरिकासाठी गातो आणि दुसरी प्रतिज्ञा नागरिक जगासमोर करतो. म्हणून जुन्या कागदात, भाषणात, जाहीरनाम्यात ‘आम्ही’ किंवा ‘आपण’ दिसले, की लगेच त्यावरून मनाचा मोठेपणा मोजायला बसू नये. आधी पाहावे, समोर कोण उभे आहे. पेरूतील भाविकाने देवाला ‘आमच्या पित्या’ म्हणून हाक मारली, तेव्हा त्याने देवाला वगळले ते त्याच्याशी बोलता यावे म्हणून.